नोटांची टंचाई: जर्मन मार्काचा अंत आणि चलनाचा वेग

१७ ऑगस्ट १९२३ रोजीं जर्मनीच्या राइख्सबँकेचे अध्यक्ष रुडोल्फ हावेनश्टाइन यांनीं सरकारच्या सल्लागारांपुढें जें निवेदन केलें, तसें निवेदन कोणत्याहि मध्यवर्ती बँकेच्या इतिहासांत क्वचितच आढळेल. बँक त्या वेळीं दररोज वीस लाख कोटि मार्कांच्या नव्या नोटा बाहेर काढीत होती; पुढील आठवड्यांत हा आंकडा शेचाळीस लाख कोटींवर जाईल असें त्यांनीं सांगितलें. देशांत तोंवर फिरत असलेल्या सर्व नोटांची बेरीज त्रेसष्ट लाख कोटि होती. म्हणजे सर्व जुन्या चलनाच्या दोन तृतीयांशाइतकें नवें चलन एका दिवसांत छापण्याची शक्ति लवकरच बँकेस येणार होती. आणि ही गोष्ट हावेनश्टाइन कबुलीजबाब म्हणून नव्हे, तर कर्तबगारी म्हणून सांगत होते. तीसांहून अधिक कागदाच्या गिरण्या आणि शंभराहून अधिक छापखाने बँकेसाठीं रात्रंदिवस राबत होते, आणि तरीहि व्यापारी, कारखानदार व नगरपालिका यांची एकच तक्रार होती: नोटा पुरत नाहींत.

ही तक्रार खोटी नव्हती. पगार वांटण्यास खरोखरच रोकड मिळत नसे. अनेक शहरांनीं व कारखान्यांनीं स्वतःच्या तात्पुरत्या नोटा काढून काम चालविलें होतें. हावेनश्टाइन हे मूर्ख नव्हते, अप्रामाणिक तर मुळींच नव्हते. शिस्तीच्या प्रशियन सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेला हा कायदेपंडित होता. त्यांच्या बाजूनें युक्तिवाद करणारे कार्ल हेल्फेरिख हे तर पैशाच्या शास्त्रावर मान्यताप्राप्त ग्रंथ लिहिलेले पंडित होते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: भाव नोटांच्या पुढें धांवत आहेत, नोटा भावांच्या मागें. नोटा हें जर कारण असतें, तर तें कार्याच्या मागें कसें राहील? परकीयांना द्यावयाच्या युद्धदंडामुळें मार्काचा हुंडणावळीचा दर घसरतो, दर घसरला कीं आयात माल महागतो, माल महागला कीं मजुरी वाढवावी लागते, आणि मजुरी देण्यासाठीं नोटा छापाव्या लागतात. बँक केवळ लोकांची गरज भागविते.

या युक्तिवादाचा आधार म्हणून जे आंकडे पुढें केले जात, ते खरे होते, आणि म्हणूनच ते नीट तपासून पाहण्याजोगे आहेत. १९२१ च्या अखेरीस राइख्सबँकेच्या सुमारें ११४ अब्ज मार्कांच्या नोटा लोकांच्या हातीं होत्या. १९२२ च्या अखेरीस त्या १२८० अब्ज झाल्या. म्हणजे एका वर्षांत चलन सुमारें अकरा पट वाढलें. त्याच काळांत घाऊक भाव मात्र, १९१३ चा भाव एक धरल्यास, ३५ पटींवरून १४७५ पटींवर गेले. म्हणजे ते वर्षभरांत बेचाळीस पट झाले. चलन अकरा पट आणि भाव बेचाळीस पट! जुन्या अर्थशास्त्र्यांचा सिद्धांत असा कीं, इतर गोष्टी समान असतां चलन दुप्पट झालें तर भाव दुप्पट होतात. डेव्हिड ह्यूम यानें १७५२ मध्यें हाच विचार मोठ्या सुबोध रीतीनें मांडला होता. बर्लिनचे आंकडे पाहून हा सिद्धांत कोसळला, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं.

परंतु सिद्धांतांतील 'इतर गोष्टी' या दोन शब्दांत बरेंच कांहीं सांठविलेलें असतें. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यानें १९११ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या गोष्टी मोकळ्या करून समीकरणरूपानें मांडल्या. देशांत जितका पैसा आहे, त्याला तो वर्षांत जितक्या वेळां हातोहात फिरतो त्या संख्येनें गुणलें असतां, जो गुणाकार येतो तो वर्षांत विकल्या गेलेल्या सर्व मालाच्या किंमतीइतकाच असला पाहिजे. हें विधान एका अर्थानें केवळ हिशेबाचें आहे. दिलेला पैसा आणि घेतलेला पैसा सारखेच असावयाचे. त्याला सिद्धांताचें स्वरूप येतें तें, पैसा किती वेळां फिरतो हा आंकडा कशावर अवलंबून असतो, याचें उत्तर दिल्यावर.

हा भ्रमणवेग म्हणजे कांहीं गूढ शक्ति नव्हे. एखाद्या गृहस्थास महिन्याच्या पहिल्या तारखेस तीनशें रुपये पगार मिळतो आणि तो रोज दहा रुपये याप्रमाणें खर्च करतो असें धरा. पहिल्या दिवशीं त्याच्या पेटींत तीनशें असतात, शेवटच्या दिवशीं कांहीं नसतें. सरासरीनें त्याच्या घरीं दीडशें रुपये पडून असतात. आतां त्याचा धनी त्याला दर आठवड्यास सत्तर रुपये देऊं लागला, तर खर्च तोच राहूनहि घरांतील सरासरी शिल्लक पस्तीसवर येते. रोजच्या रोज दहा रुपये मिळूं लागले, तर ती केवळ पांच रुपये राहते. त्या घरांत येणारा माल, त्याचा भाव, गृहस्थाचें उत्पन्न यांपैकीं कांहींहि बदललेलें नाहीं. पण तोच व्यवहार आतां तीसाव्या हिश्श्याइतक्या रोकडीवर चालतो, म्हणजेच प्रत्येक रुपया तीसपट वेगानें फिरतो. भ्रमणवेग हें पैसा जवळ बाळगण्याच्या इच्छेचेंच उलटें नांव आहे. लोकांस पैसा हातीं ठेवावासा वाटला कीं वेग मंदावतो. नकोसा वाटला कीं वाढतो.

हें लक्षांत घेऊन जर्मनीचा इतिहास पहिल्यापासून वाचला, तर त्यांतील प्रत्येक वळण उलगडूं लागतें. जुलै १९१४ च्या अखेरीस राइख्सबँकेच्या नोटा सुमारें तीन अब्ज मार्कांच्या होत्या आणि १९१८ च्या अखेरीस त्या बावीस अब्जांवर गेल्या. यांतील कांहीं वाढ लोकांच्या हातांतील सोन्याचीं नाणीं काढून घेऊन त्यांच्या जागीं दिलेल्या कागदाची होती, हें खरें. तथापि चलन अनेक पटींनीं वाढलें यांत शंका नाहीं. उलट घाऊक भाव मात्र अडीच पटींच्याच आसपास होते. युद्धकाळांत सरकारनें भाव बांधून दिले होते, दुकानांत माल नव्हता, आणि युद्ध संपलें कीं मार्क पूर्ववत् होईल या भरंवशावर लोक नोटा सांठवीत होते. या वेळीं भाव नोटांच्या बरेच मागें होते. त्या वेळीं मात्र कोणी, नोटा भावांच्या पुढें असल्यामुळें नोटा हेंच कारण आहे, असा युक्तिवाद केल्याचें दिसत नाहीं!

पुढें सोंवळ्या विश्वासाचा आणखी एक काळ आला. मार्च १९२० मध्यें घाऊक भाव युद्धपूर्व भावांच्या सतरा पट होते. मे १९२१ मध्यें ते तेरा पटींवर उतरले. या अवधींत नोटांचें छापणें थांबलें होतें असें नाहीं. १९१९ च्या अखेरीपासून १९२० च्या अखेरीपर्यंत त्या जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. मग भाव कां उतरले? कारण अमेरिका, हॉलंड, इंग्लंड येथील हजारों लोक स्वस्तांत मिळणारे मार्क विकत घेऊन ठेवीत होते. जर्मनीसारखें उद्योगी राष्ट्र आज ना उद्यां आपलें चलन सांवरील, आणि मग हे मार्क सोन्याच्या भावानें विकूं, अशी त्यांची अटकळ होती. नव्या नोटांचा मोठा भाग अशा रीतीनें पेट्यांत व बँकांत निश्चल पडून राही, आणि पडून राहिलेली नोट भावांना हात लावीत नाहीं.

मे १९२१ मध्यें दोस्त राष्ट्रांनीं १३२ अब्ज सुवर्ण मार्कांच्या युद्धदंडाची मागणी निश्चित केली. २४ जून १९२२ रोजीं परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाउ यांचा बर्लिनच्या रस्त्यांत खून झाला. मार्क सांवरेल ही आशा येथें संपली. परदेशीयांनीं आपल्या मार्कांच्या ठेवी विकावयास काढल्या, युद्धापूर्वीं ४.२ मार्कांस मिळणारा डॉलर जुलैंत सरासरी ४९३ मार्कांस, तर ऑगस्टमध्यें ११३५ मार्कांस मिळूं लागला. आणि आतां जर्मन गृहिणीलाहि तेंच कळलें जें परदेशी सट्टेवाल्याला कळलें होतें: घरीं ठेवलेली नोट दररोज आटते. पगार महिन्याऐवजीं आठवड्याला आणि पुढें १९२३ च्या उन्हाळ्यांत रोजच्या रोज, कित्येक ठिकाणीं दिवसांतून दोनदां मिळूं लागला. नवऱ्याचा पगार घेण्यास बायका कारखान्याच्या दाराशीं उभ्या राहत आणि नवा भाव जाहीर होण्यापूर्वीं दुकान गांठण्यासाठीं धांवत. गरज असो वा नसो, मिळेल ती वस्तु घेऊन ठेवणें हेंच शहाणपण झालें. वरील उदाहरणांतील दीडशें रुपयांचे पांच रुपये होण्याची क्रिया एका समग्र राष्ट्रांत कांहीं महिन्यांत घडली.

आतां १९२२ चे आंकडे पुन्हां घ्यावेत. चलन अकरा पट आणि भाव बेचाळीस पट. त्या वर्षीं मालाचें एकंदर उत्पादन फारसें बदललें नाहीं असें धरल्यास, प्रत्येक नोट पूर्वींच्या जवळजवळ चौपट वेगानें फिरूं लागली, एवढाच या तफावतीचा अर्थ होतो. भाव नोटांच्या पुढें गेले तें नोटा निरपराध होत्या म्हणून नव्हे. उद्यां आणखी नोटा येणार आहेत हें सर्वांना ठाऊक होतें म्हणून. कारण कार्याच्या मागें राहिलें नव्हतें. लोक कारणाची वाट न पाहतां त्याचा परिणाम आधींच भोगूं लागले होते.

नोटांच्या टंचाईचें कोडेंहि येथेंच सुटतें. १५ नोव्हेंबर १९२३ रोजीं राइख्सबँकेच्या ज्या अगणित नोटा बाहेर होत्या, त्या सर्वांची सोन्यांतील किंमत, एक सुवर्ण मार्क बरोबर एक लाख कोटि कागदी मार्क या हिशेबानें, अवघी सुमारें ९ कोटि ३० लाख सुवर्ण मार्क होत होती. युद्धापूर्वीं याच देशाच्या व्यवहारास सुमारें ६०० कोटि सुवर्ण मार्कांचें चलन लागे. नगरपालिकांच्या तात्पुरत्या नोटा आणि हातोहात फिरणारे परकीय डॉलर व गिल्डर यांत मिळविले, तरीहि ही तूट भरून निघत नाहीं. व्यापाऱ्यास नोटा अपुऱ्या वाटत तें खरेंच होतें. पण तो उणेपणा छापण्यानें भरणारा नव्हता, कारण तो छापण्यानेंच उत्पन्न झाला होता. जितक्या जोरानें छापावें, तितकें लोक चलन हातीं ठेवण्यास अधिक नाखूष होत आणि देशांतील एकंदर चलनाचें खरें मोल तितकेंच आकसे. तहानलेल्यास खारें पाणी पाजण्यासारखाच हा प्रकार होता.

सरकारच्या दृष्टीनें या आकसण्याचा एक दुसरा परिणाम होता, आणि तो अधिक भयंकर होता. नोटा छापून खर्च भागविणें हा रोकड बाळगणाऱ्यांवर बसविलेला एक करच आहे. नोटेची किंमत जितकी घटते, तितका तिचा धारक हा कर देतो. पण जो कर टाळतां येतो तो लोक टाळतात, आणि हा कर टाळण्याचा उपाय म्हणजे रोकड जवळ न ठेवणें. करपात्र मालमत्ताच अशी आटत गेल्यामुळें तेवढेंच उत्पन्न काढण्यासाठीं कराचा दर, म्हणजे छपाईचा वेग, दर महिन्याला वाढवावा लागला. दुसऱ्या बाजूनें, खरे कर आकारणी व वसुली यांच्या दरम्यानच्या आठवड्यांत निर्मूल्य होत. जानेवारी १९२३ मध्यें फ्रेंच व बेल्जियन सैन्यानें रूरचा कोळसा-प्रांत व्यापल्यावर तेथील संपकरी मजुरांना पोसण्याचा खर्च सरकारनें अंगावर घेतला, आणि तो जवळजवळ सर्व छापखान्यांतून आला. सरकार हुंड्या लिही, राइख्सबँक त्या वटवी. बँकेचा व्याजाचा दर जुलै १९२२ पर्यंत केवळ पांच टक्के होता! भाव महिन्यागणिक वाढत असतां पांच टक्क्यांनीं कर्ज मिळणें म्हणजे कर्ज नव्हेच, तें दानच. खाजगी कारखानदारांनींहि या दानाचा पुरेपूर लाभ घेतला.

हेल्फेरिखच्या म्हणण्यांत सत्याचा अंश मुळींच नव्हता असें नाहीं. युद्धदंडाचा बोजा खरा होता, हुंडणावळीचा दर पुढें धांवत होता हेंहि खरें. पण त्या साखळींतील शेवटचा दुवा, 'म्हणून नोटा छापाव्या लागतात', हा निसर्गनियम नव्हता. तो बँकेच्या निर्णयाचा भाग होता. तो दुवा तोडून पाहिल्याखेरीज खरें काय हें ठरणार नव्हतें, आणि नोव्हेंबर १९२३ मध्यें तो तोडला गेला. रूरमधील निष्क्रिय प्रतिकार सप्टेंबरच्या अखेरीस मागें घेण्यांत आला. १५ नोव्हेंबरपासून रेन्टेनमार्क नांवाचें नवें चलन सुरू झालें. त्यामागें शेतजमिनी व कारखाने यांवरील गहाणखत होतें. परंतु तें गहाणखत मोडून कोणास जमीन मिळणार नव्हती, तेव्हां त्याचें मोल मुख्यतः मानसिकच म्हटलें पाहिजे. खरी गोष्ट दुसरी होती. रेन्टेनमार्कांची एकंदर संख्या कायद्यानें मर्यादित होती, सरकारला त्यांतून मिळणारें कर्ज १२० कोटींपुरतेंच होतें, आणि त्याच सुमारास राइख्सबँकेनें सरकारच्या हुंड्या वटविणें बंद केलें. सरकारी नोकरांची मोठ्या प्रमाणावर कपात झाली; कर सोन्याच्या हिशेबानें वसूल होऊं लागले. २० नोव्हेंबर रोजीं डॉलरचा दर ४ लाख २० हजार कोटि मार्कांवर स्थिर करण्यांत आला. योगायोग असा कीं, हावेनश्टाइन त्याच दिवशीं मरण पावले; त्यांच्या जागीं लवकरच याल्मार शाख्त आले, जे चलन-आयुक्त म्हणून आधीपासूनच हें काम पाहत होते.

यानंतर जें घडलें तें १९२२ च्या आंकड्यांचें बरोबर उलटें चित्र आहे. राइख्सबँकेच्या जुन्या कागदी नोटा छापणें थांबलें नाहीं. खाजगी व्यापारास कर्जें देणें चालूच होतें, आणि जुलै १९२४ च्या अखेरीस त्या नोटांची सोन्यांतील किंमत सुमारें १२१ कोटि मार्क झाली. एक लाख कोटीस एक हा दर बदलला नसल्यामुळें नोटांची संख्याहि तेवढीच, म्हणजे साडेआठ महिन्यांत तेरा पट वाढली. शिवाय १०० कोटींहून अधिक रेन्टेनमार्क १९२३ च्या अखेरीसच बाहेर आलेले होते. आणि भाव? १९१३ चा भाव शंभर धरल्यास, घाऊक भावांचा निर्देशांक सोन्याच्या हिशेबानें डिसेंबर १९२३ मध्यें १२६ होता, जुलै १९२४ मध्यें ११५. तेरा पट नोटा आणि भाव उतरलेले! जे लोक सकाळीं मिळालेली नोट दुपारपर्यंत ठेवण्यास तयार नव्हते, ते आतां ती आठवडाभर पेटींत ठेवूं लागले. व्यापारी गल्ल्यांत शिल्लक ठेवूं लागले, आठवड्याचे पगार परत आले. वेग मंदावला, आणि नवें चलन त्या मंदावलेल्या प्रवाहांत निमूटपणें सामावलें. लोकांचा विश्वास बसला तो गहाणखतावर कीं हुंड्या न वटविण्याच्या निर्धारावर, याविषयीं वाद होऊं शकतो. पण पुढें आलेल्या एका प्रसंगानें त्याचा निकाल बऱ्याच अंशीं लागला.

तत्पूर्वीं एक गोष्ट सांगणें आवश्यक आहे. वेग इतका बदलूं शकत असेल, तर चलन व भाव यांचा संबंध उरला कोठें, असा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर काळाच्या मापांत आहे. १९२२ या एका वर्षांत वेग चौपट झाला. पण १९१४ पासून १९२३ पर्यंतचा सर्व काळ एकत्र घेतला, तर भाव लाख कोटि पटींनीं वाढले, आणि वेगाच्या चौपटीनें वा वीसपटीनें लाख कोटींचा हिशेब लागत नाहीं. तो केवळ नोटांनींच लागतो. वेगाला मर्यादा आहेत, छपाईला नाहींत. उलट, जेथें चलन वर्षाकांठीं दोन-चार टक्क्यांनींच वाढतें, तेथें वेगांतील लहानसा बदलहि त्या वाढीस झांकून टाकतो आणि संबंध अस्पष्ट होतो. अमेरिकेंत २००८ च्या बँक-संकटानंतर मध्यवर्ती बँकेनें निर्माण केलेला पैसा अनेक पटींनीं वाढला आणि भाव पुढें कित्येक वर्षें फारसे हालले नाहींत, कारण तो पैसा बहुतांशीं बँकांच्याच खात्यांत पडून राहिला. १९२४ च्या जर्मनीशीं त्याचें दूरचें नातें आहे.

तो प्रसंग असा. लोकांची रोकड ठेवण्याची भूक मोठी होती, पण अमर्याद नव्हती. एकदां पेट्या पुन्हां भरल्या कीं त्यापुढची प्रत्येक नोट जुन्याच मार्गानें भावांकडे वळणार होती. १९२४ च्या आरंभीं राइख्सबँक व्यापाऱ्यांस सढळ हातानें कर्ज देत होती. फेब्रुवारींत ११६ असलेला भावांचा निर्देशांक एप्रिलमध्यें १२४ वर गेला, परदेशी बाजारांत मार्क पुन्हां घसरूं लागला, आणि साठेबाजांनीं जुन्या सवयीनें माल भरण्यास सुरुवात केली. रेन्टेनमार्कामागील गहाणखत तेंच होतें, जमिनीहि त्याच होत्या. ७ एप्रिल रोजीं शाख्त यांनीं हुकूम काढला कीं, जुनें कर्ज जितकें परत येईल तितकेंच नवें दिलें जाईल, त्याहून एक मार्कहि अधिक नाहीं. कर्जावर माल भरून बसलेल्यांना तो विकावा लागला, कित्येक पेढ्या बुडाल्या, परकीय हुंड्या बँकेकडे परत येऊं लागल्या. आणि जूनमध्यें निर्देशांक पुन्हां ११६ वर आला.